पहिल्यांदा एक्सपोर्ट करताय? आधी क्लिपचे आकडे बघा

नमस्कार! एडिट झालंय, एक्सपोर्टचं बटण समोर आहे, आणि अ‍ॅप विचारतंय: आस्पेक्ट रेशो, रेझोल्यूशन, फ्रेम रेट? एकच क्लिप घेऊन तिन्ही समजून घेऊ.

ऐरोलीच्या खाडीत बोटीतून फ्लेमिंगोंचा थवा शूट केलाय. मोबाइल आडवा होता. क्लिपच्या डिटेल्समध्ये दिसतंय रेझोल्यूशन, म्हणजे रुंदी आणि उंचीत किती पिक्सेल, 1920 बाय 1080, आणि फ्रेम रेट 30 एफपीएस. आता याची रील करायची आहे.

आस्पेक्ट रेशो म्हणजे चौकटीची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण. आपली क्लिप 16:9, आडवी. रील 9:16, उभी. म्हणजे एकतर वर-खाली पट्ट्या ठेवून पूर्ण चित्र दाखवायचं, नाहीतर मधला उभा भाग कापून घ्यायचा.

कापलं तर काय होतं ते नीट बघा. उंची 1080 पिक्सेल तशीच राहते, पण रुंदी उरते जेमतेम 607. एक्सपोर्टला तुम्ही 1080 बाय 1920 निवडलंत की अ‍ॅप ते 607 पिक्सेल ताणून 1080 करतं. फाइलवर फुल एचडीचा आकडा येतो, पण तेवढा तपशील त्यात नसतो. पक्ष्यांचे बारीक पाय आणि पाण्यावरचे तरंग बघा, कडा पुसट झालेल्या दिसतील. एक्सपोर्टला 4K निवडूनही त्या सुधारत नाहीत, फक्त फाइल जड होते.

हीच क्लिप मुळात 4K, म्हणजे 3840 बाय 2160 असती, तर कापल्यावर रुंदी 1215 उरली असती. मग ताणायची वेळच आली नसती. त्यामुळे रील करायची हे आधीच माहीत असेल तर मोबाइल उभा धरा, किंवा 4K मध्ये शूट करा. आणि कापल्यावर मूळ चित्राचा एक तृतीयांशही भाग राहत नाही, म्हणून थव्यासाठी मी पट्ट्याच ठेवेन. एकटा पक्षी असेल तर खुशाल कापा.

आता फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं. क्लिप 30 ची आहे, तर एक्सपोर्टही 30. सिनेमासारखं दिसावं म्हणून 24 निवडलंत, तर सहसा दर पाच चित्रांतलं एक गाळलं जातं. चिखलात उभ्या पक्ष्यांत ते कळणार नाही. पण उडत्या थव्याबरोबर कॅमेरा फिरला की चित्र अडखळतं. उलट 60 निवडलंत, तर साधारणपणे प्रत्येक चित्र दोनदा येतं, हालचाल जास्त सफाईदार होत नाही. 60 कामाला येतं शूट करताना: ती क्लिप 30 च्या टाइमलाइनवर निम्म्या वेगानं चालवली की स्वच्छ स्लो मोशन मिळतं.

एक तपासणी जरूर करा. बरीच अ‍ॅप्स पहिल्या क्लिपवरून प्रोजेक्टची सेटिंग ठरवतात, ती क्लिप वेगळ्या फ्रेम रेटची असेल तर सगळं बिघडतं. म्हणून अख्खा व्हिडिओ काढण्याआधी थवा उडतानाचा दहा सेकंदांचा तुकडा एक्सपोर्ट करा आणि मोबाइलवर फुल स्क्रीन करून बघा. कडा पुसट दिसल्या तर क्रॉप बदला, चित्र अडखळलं तर फ्रेम रेट.