तळण झाल्यावर कढईत उरलेलं तेल

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आपल्या नाशिकच्या कुठल्याही गल्लीतून जा, भाजणीचा आणि तळणीचा वास येतोच. चकल्या, शंकरपाळे, कडबोळी डब्यात जाऊन बसतात. कढईत मात्र तळाशी काळी बुकणी साचलेलं पाऊण लिटर तेल उरतं. त्याचं काय करायचं हे काही ठरत नाही, म्हणून वर ताट झाकून ती कढई दोन-दोन दिवस ओट्यावर तशीच राहते. आज त्या कढईबद्दलच बोलायचं आहे.

माझ्या शेजारच्या घरातलं उदाहरण घेते. तिथे एका दुपारी लिटरभर शेंगदाणा तेलात शंकरपाळे तळले. दुसऱ्या दुपारी त्याच तेलात थोडी भर घालून चकल्या काढल्या. शेवटी कढईत साधारण ७०० मिली तेल राहिलं. काकूंनी मला विचारलं, "हे पुढच्या आठवड्यात अनारशांना चालेल ना गं?" मी नाही म्हटलं. का, ते सांगते.

तळताना तेलावर तीन गोष्टींचा मारा होतो: उष्णता, हवा आणि पिठातलं पाणी. त्यातून तेलाचे तुकडे पडतात, नवी आणि जडशी द्रव्यं तयार होतात. त्यांना पोलर संयुगं म्हणतात. एफएसएसएआय, म्हणजे आपल्या देशातल्या अन्नसुरक्षेचं नियमन करणाऱ्या संस्थेने, ती २५ टक्क्यांपेक्षा जास्त झालेलं तेल वापरू नये असा नियम केला आहे. १ जुलै २०१८ पासून तो लागू आहे. घरात ते मोजायचं यंत्र नसतं. आपल्याला नाक, डोळे आणि बोटं यांवरच भागवावं लागतं, आणि लक्ष दिलं तर ती पुरतात.

नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका. तिखट-हळदीची चकली तेलाला एका घाण्यात तांबूस करते, तेवढ्याने ते बिघडत नाही. फेस पाहा. चांगल्या तेलात पदार्थ सोडला की मोठे बुडबुडे येतात आणि पदार्थ काढला की विरतात. बिघडलेल्या तेलात बारीक, चिवट फेस पदार्थ काढल्यावरही पृष्ठभागावर टिकतो. गार झालेलं तेल बोटांत धरून चोळा, चिकट लागलं तर समजा ते संपलं. वास खवट किंवा ऑइलपेंटसारखा उग्र येतो. धुराचीही खूण आहे. तळण साधारण १८० अंशांवर होतं आणि ताज्या रिफाइंड तेलाला धूर येतो तो २२० अंशांच्या पुढे. तेच तेल तळणीच्या आचेलाच धुरायला लागलं तर ते फेकायचं. हल्ली बऱ्याच घरांत लाकडी घाण्याचं तेल येतं. ते मुळातच लवकर धुरतं, म्हणून त्याच्या बाबतीत धुरापेक्षा फेसावर विश्वास ठेवा.

काकूंच्या तेलाला फेस टिकत होता. दोन दुपारी, चार-पाच तास ते आचेवर होतं. त्यामुळे ते टाकायचंच होतं. पण पहिल्या दिवशी शंकरपाळे झाल्यावर थांबलं असतं, तर त्यातलं पाव लिटर ठेवण्यासारखं होतं. ठेवायचं कसं, हेही सांगते.

गॅस बंद केल्यावर कढई हलवू नका. मागच्या शेगडीवर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी राहू द्या. दीड-दोन तासांनी कढईला बाहेरून हात लावता आला की तेल गाळा. गरम तेल प्लास्टिकच्या बाटलीत ओतलं तर बाटली मऊ पडते, आणि काचेची बरणी तडकते. अगदी गार होण्याची वाटही पाहू नका. नाशिकच्या थंडीत शेंगदाणा तेल रात्रीतून दाट होतं आणि फडक्यातून उतरत नाही. बारीक गाळणीवर सुती फडकं दुहेरी ठेवून गाळा. तळाची काळी बुकणी तेलात राहिली तर ती तेलाला पुढेही खराब करत राहते.

तेल लोखंडी कढईत रात्रभर ठेवू नका, आणि बिनकल्हईच्या पितळेत तर नकोच. लोखंड आणि पितळेतलं तांबं तेलाचं खवट होणं वाढवतात. कोरडी ठणठणीत स्टीलची बरणी किंवा काचेची बाटली घ्या, तीही तेलाच्या मापाची. मोठ्या बरणीत थोडं तेल ठेवलं की वर हवाच जास्त राहते. बरणी गॅसपासून लांब, अंधाऱ्या फडताळात ठेवा आणि वर तारीख चिकटवा. ते तेल ताज्या तेलाच्या डब्यात परत ओतू नका. पुन्हा तळणीला न घेता फोडणीला, थालीपिठाला वापरा आणि दोन दिवसांत संपवा. एकदा तापलेलं तेल ताज्या तेलापेक्षा फार लवकर उतरतं.

आता टाकायच्या तेलाकडे येऊ. बहुतेक घरांत ते सिंकमध्ये जातं, वरून गरम पाणी आणि भांड्यांचा साबण सोडतात. त्याने तेल विरघळून जात नाही, फक्त पुढे सरकतं. पाणी गार झालं की ते पाइपच्या कडांना धरतं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि तेलातली आम्लं मिळून साबणासारखा कडक थर बनतो. आमच्या इमारतीचं चेंबर तुंबलं तेव्हा प्लंबरने लोखंडी सळईने पांढरट, मेणासारखे गोळे बाहेर काढले. ते सगळ्या मजल्यांच्या स्वयंपाकघरांतून आलेलं तेल होतं. तळमजल्यावरच्या आजींच्या मोरीत पाणी उलटं आलं, आणि त्या बिचाऱ्या एक थेंबही तेल टाकत नव्हत्या.

तुळशीत किंवा अंगणातही ओतू नका. मातीच्या कणांवर तेलाचा लेप बसला की पाणी आत मुरत नाही. दाराच्या बिजागरीलाही नको. काही दिवसांत ते चिकटून बसतं आणि धूळ धरतं.

पाव लिटरच्या आत असेल तर पूर्ण गार झालेलं तेल भुशात मुरवा. लाकडाच्या वखारीत भुसा मिळतो. नसेल तर कोरडी वाळू घ्या, किंवा पोरकिडे पडलेलं जुनं पीठ. मुठीत दाबल्यावर तेल ओघळेनासं झालं की पुरेसं झालं. मग ते कागदात बांधून घंटागाडीत ओल्या कचऱ्यात द्या. पातळ तेल तसंच कचऱ्यात ओतलं तर गाडीतून रस्त्यावर गळतं, आणि खताच्या ढिगात हवा कोंडते.

काकूंच्या ७०० मिलीला भुसा पुरला नसता. आम्ही सोसायटीच्या जिन्याखाली झाकणाचा पाच लिटरचा कॅन ठेवला. प्रत्येकाने गाळलेलं, गार तेल त्यात ओतायचं, पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही. एफएसएसएआयच्या 'रुको' उपक्रमातून वापरलेलं तेल गोळा होऊन बायोडिझेलला जातं. त्यासाठी मान्यता असलेल्या संकलकालाच ते द्यायचं आणि पावती घ्यायची. दारावर येऊन जुनं तेल विकत मागणाऱ्या अनोळखी माणसाला देऊ नका. तेच तेल कुठल्या तरी गाडीवरच्या कढईत परत जाऊ शकतं.

राहिली कढई. ती सिंकमध्ये ठेवण्याआधी जुन्या वर्तमानपत्राने आतून नीट पुसून घ्या, झाराही पुसा. तो तेलकट कागद बोळा करून शेगडीजवळ ठेवू नका, लगेच कचऱ्यात टाका. मगच नळ सोडा.