टेपचं दुसरं टोक

कॉलेजातले दोन मित्र, दोघांचे रस्ते वेगळे, वीस वर्षांनी गाठ पडते. अशा कथा माझ्याकडे वाचायला बऱ्याच येतात, आणि निम्म्याअधिक कथांमध्ये दोघं कुठल्यातरी लग्नात नाहीतर एसटी स्टँडवर भेटतात. मग चहा येतो. मग एकजण विचारतो, "काय चाललंय?" आणि दुसरा पुढची तीन पानं वीस वर्षांचा हिशेब देत बसतो. लिहिणाऱ्याची सोय होते, वाचणारा मात्र कंटाळतो. माझं मत असं आहे, की या दोघांना भेटवायचं तर एखाद्या कामावर भेटवावं, आणि ते काम असं असावं की एकाचं नीट झालं तर दुसऱ्याचं बिघडेल. आज माझी एक कथा सांगतो आणि ती कशी जुळवली तेही मधूनमधून सांगतो. माणसं काल्पनिक आहेत. पूर मात्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे.

महेश आणि संदीप १९९९ साली सांगलीत बी.कॉम. झाले. महेशच्या वडिलांची हरिपूरला हळदीची पेवं होती. इथल्या तरुण मंडळींनी पेव पाहिलं नसेल, म्हणून सांगतो. जमिनीत खोल खोदलेली कोठी, तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. आतून शेणानं सारवायचं, उसाचा पाला लावायचा, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा नाही, त्यामुळे कीड जगत नाही. हळद वर्षानुवर्षं टिकायची. पण ज्यामुळे कीड मरते त्यामुळेच माणूसही मरतो. म्हणून पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. संदीपनं हे कॉलेजात असताना महेशबरोबर जाऊन पाहिलेलं असतं. कथेत मी ते एकदाच, चार ओळींत ठेवलं. पुढं त्या कंदिलाला पुन्हा हात लावला नाही, कारण असली वस्तू दुसऱ्यांदा आणली की ती बोधकथेतला कंदील होऊन बसते.

महेश वडिलांच्या धंद्यात गेला. संदीप पुण्याला जाऊन कॉस्ट अकाउंटंट झाला आणि पुढं विम्याच्या सर्व्हेअरचा, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान मोजणाऱ्याचा, परवाना घेतला. आता हे धंदे उलटे कसे? व्यापाऱ्याचं सगळं लक्ष माल शाबूत राहण्याकडे असतं, आणि सर्व्हेअरचं काम माल गेल्यावर सुरू होतं. डॉक्टर आणि वकील, शेतकरी आणि आयटीवाला असल्या जोड्यांपेक्षा ही मला बरी वाटली, कारण दोघं एकाच पोत्याकडे बघतात आणि दोघांना वेगवेगळं दिसतं.

२००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं, बरीचशी कायमची गेली. महेशच्या वडिलांचीही गेली, असं मी धरलं. मग महेश सांगलीत आला, गणपती पेठेच्या मागच्या अंगाला एक जुनं गोडाऊन घेतलं. जोतं उंच होतं, त्यामुळे त्याला वाटलं आता पाण्याची भीती गेली. आणि २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५३ च्या वर गेलं होतं, या वेळी ५७ च्याही वर गेलं. गोडाऊनमध्ये पाच फूट पाणी चढलं.

पाणी उतरल्यावर विमा कंपनीनं सर्व्हेअर पाठवला तो संदीप. कंपनीच्या कागदावर फर्मचं नाव होतं, मालकाचं नव्हतं. दारात उभा राहिल्यावर त्याला कळलं.

"संद्या? लेका, तू?"

"मह्या, हे तुझं गोडाऊन?"

"व्हय की. ये, पाय जपून टाक, चिखल आहे."

एवढंच बोलणं आहे. बायका-पोरांची चौकशी नाही, जुन्या सरांची नावं नाहीत. कुजक्या हळदीचा वास नाकात असताना माणसं तसलं बोलत नाहीत.

आता थोडं पैशाचं बोलावं लागेल, कारण कथेचा पीळ त्यातच आहे. पूर आला त्या दिवशी महेशकडे १,००० क्विंटल हळद होती. सोयीसाठी भाव क्विंटलला ७,००० धरू, म्हणजे ७० लाखांचा माल. विमा होता ३५ लाखांचा. निम्माच का? महेश काही कंजूष नव्हता. त्याची पॉलिसी दर जानेवारीला नव्यानं व्हायची. जानेवारीत जुना माल विकून झालेला आणि नवी हळद अजून यायची असते, म्हणून गोडाऊन निम्मं रिकामं असतं. डोळ्यांसमोर जेवढा माल, तेवढा आकडा त्यानं लिहिला. उन्हाळ्यात थप्प्या छताला टेकल्या, पण पॉलिसीचा आकडा वाढवायचं राहून गेलं. हे आपल्या पेठेत अनेकांचं राहतं. इथं पुढच्या रांगेत काहीजण मान हलवताहेत.

थप्पी बारा फूट उंच आणि पाणी पाच फूट, म्हणजे साधारण ४०० क्विंटल भिजली. २८ लाख. भिजलेली हळद सगळीच फेकून द्यावी लागते असं नाही. लवकर पसरून वाळवली, पुन्हा पॉलिश केली, तर हलक्या भावाला जाते. तिचे आठ लाख येतील असं धरा. उरलं नुकसान २० लाख. आता महेशला वाटतं, माझा विमा ३५ लाखांचा, नुकसान २० चं, म्हणजे २० मिळणार. तसं होत नाही. पॉलिसीत सरासरीचं कलम असतं. माल ७० चा आणि विमा ३५ चा, म्हणजे अर्ध्या मालाचा धोका तुम्ही स्वतःकडे ठेवलात, मग नुकसानही अर्धं तुमचं. २० चे झाले १०. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत दाव्याच्या पाच टक्के रक्कम तुम्ही सोसायची, ते वजा केले की हातात साडेनऊ लाख.

हे कलम महेशला कुणीतरी पेठेतच समजावून सांगितलं, आणि त्याच्यावरचा उपायही सांगितला. वरच्या थरांतली कोरडी पोती सर्व्हे व्हायच्या आत हलवायची. ५०० क्विंटल बाहेर काढली की गोडाऊनमधला माल दिसतो ३५ लाखांचा. विमा ३५, माल ३५, सरासरीचं कलम लागतच नाही. तेच २० लाखांचं नुकसान, पाच टक्के वजा जाता १९ लाख पदरात. महेशनं रात्री टेम्पो लावले आणि कोरडी पोती माधवनगर रोडला मेव्हण्याच्या शेडमध्ये नेऊन टाकली.

मला इथं फार वेळ थांबावं लागलं. संदीपला हे कळणार कसं? बँकेचा कागद हा एक मार्ग होता. कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर बँकेचं खेळतं कर्ज, घेणारा व्यापारी बँकेला दर महिन्याला मालाचं पत्रक देतो. जुलैच्या पत्रकात १,००० क्विंटल असणारच, आणि सर्व्हेअर ते मागणारच. खऱ्या आयुष्यात बहुतेक लबाड्या तिथंच उघड्या पडतात. पण कथेत कागदानं पकडलं तर दोन मित्र कशाला हवेत? एक कारकून पुरेसा आहे. मला डोळ्यांना दिसणारं काहीतरी हवं होतं.

ते भिंतीवर सापडलं. गोडाऊनच्या भिंती धुरानं आणि धुळीनं काळवंडलेल्या असतात. थप्पी जिथं वर्षानुवर्षं भिंतीला टेकते तिथं मात्र पोत्यातून झिरपणारी भुकटी बसते आणि भिंत पिवळी होते. पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ पाच फुटांवर होती. तिच्या खालचा पिवळा रंग धुऊन गेला होता. वरचा शाबूत होता, आणि सरळ बारा फुटांपर्यंत गेला होता. खाली थप्पी सहा फुटांचीच शिल्लक. संदीपनं वर पाहिलं. महेशनं त्याला वर पाहताना पाहिलं.

कॉलेजातल्या गॅदरिंगचा एक प्रसंग मी या जागी लिहून ठेवला होता. त्यात संदीपनं मांडवाच्या बिलात पैसे चढवलेले असतात आणि महेश त्याला ते परत करायला लावतो. म्हणजे आता उलटं झालं, असं वाचकानं म्हणावं. तो मी काढून टाकला. फार चपखल बसत होता, आणि असा प्रसंग इतका चपखल बसला की लेखकाचा हात दिसायला लागतो. शिवाय महेश आता जे करणार आहे ते जुन्या उपकारांच्या किंवा जुन्या लाजेच्या पोटी करतोय, असं मला नको होतं.

संदीप काही बोलला नाही. थप्पीची मापं घ्यायची होती. त्यानं खिशातून टेप काढली आणि नेहमी कुणालाही म्हणतो तसं म्हणाला, "जरा टोक धर." महेशनं टोक धरलं. लांबी झाली, रुंदी झाली. उंचीसाठी महेश शिडीवर चढला. पोती सहा फुटांवर संपत होती, तिथं तो क्षणभर थांबला. मग आणखी वर चढला, टोक पिवळ्या रेघेला लावलं आणि खाली न बघता म्हणाला, "बारा लिही."

छापलेली कथा इथं संपते. पण ज्यांनी वाचली त्यांतल्या विमा क्षेत्रातल्या एका वाचकानं पत्रातून हरकत घेतली, आणि ती रास्त आहे. मित्राच्या दाव्याचा सर्व्हे संदीपनं करायलाच नको होता. बरोबर. असा संबंध निघाला तर सर्व्हेअरनं तो विमा कंपनीला कळवायचा असतो. माझ्या मनातल्या कथेत त्यानं त्याच संध्याकाळी कळवलं, फोटो आणि मापं पुढं पाठवली, आणि कंपनीनं दुसरा माणूस नेमला. त्या माणसाला मैत्रीशी देणंघेणं नव्हतं. त्यानं जुलैचं पत्रक मागितलं, थप्पी पुन्हा मोजली आणि साडेनऊ लाख लिहिले. हे कथेत घातलं असतं तर महेशच्या त्या शिडीवरच्या दोन पायऱ्यांची किंमत कमी झाली असती, कारण मग वाचक म्हणाला असता, तसाही सापडलाच असता की. महेशला वर चढताना ते माहीत नव्हतं, आणि मला वाचकालाही त्याच्याएवढंच माहीत ठेवायचं होतं.

मघाशी मागून एक चिठ्ठी आली आहे, की त्यांची मैत्री पुढं राहिली का. मी त्याचा विचार केला नाही. मला पोत्यांची काळजी जास्त होती. दुसरा सर्व्हेअर यायच्या आत महेशला ती ५०० क्विंटल माधवनगर रोडवरून परत आणावी लागली. टेम्पोचं भाडं दोनदा पडलं, हमाली दोनदा पडली, आणि ते काही विम्यात बसत नाही.