चिठ्ठीतली न लागलेली ओळ

मंडळी, आपल्याकडे म्हातारी माणसं गावात आणि मुलं मुंबईत. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो आधी व्हॉट्सॲपवर फिरतो आणि मग आम्हा औषधवाल्यांकडे येतो. गुहागरकडच्या एका आजींच्या चिठ्ठीबद्दल आज सांगतो. नागीण उठून गेली होती, पण पाठीतली आग थांबत नव्हती, म्हणून त्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या.

पहिली ओळ होती ‘टॅब पॅन ४०, १-०-०, एसी’. म्हणजे पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, सकाळी एक, खाण्याआधी. दुसरी ‘पीसीएम ६५०, एसओएस’. म्हणजे पॅरासिटामॉल, दुखलं तरच. एसओएस लिहिलेली गोळी रोज घ्यायची नसते, आणि घरात नेमकं हेच सुटतं.

तिसऱ्या ओळीवर कागदाची घडी पडली होती. सुरुवातीला इंग्रजी ‘ए’ आणि ‘एम’, शेवटी ‘आय-एन-ई’, पुढे १० आणि एचएस, म्हणजे झोपताना. कोपऱ्यात ‘एचटीएन’ लिहिलं होतं, म्हणजे रक्तदाब. ते वाचून नातवाने मुंबईहून लिहिलं, “अ‍ॅम्लोडिपिन असणार, काका, देऊन टाका.”

तर्क चुकीचा नव्हता. पण अ‍ॅमिट्रिप्टिलिनही ‘एएम’ने सुरू होतं, ‘आयएनई’ने संपतं, १० मिलिग्रॅममध्ये मिळतं आणि रात्रीच देतात. मूळ औषध नैराश्याचं, पण नागिणीनंतरच्या शिरांच्या वेदनेवर थोड्या मात्रेत वापरतात. म्हणजे आजींच्या बाबतीत दोन्ही शक्य. मी अक्षरांच्या काठ्या मोजल्या. अ‍ॅम्लोडिपिनमध्ये ‘एल’ आणि ‘डी’ या दोन वर जातात, अ‍ॅमिट्रिप्टिलिनमध्ये दोन ‘टी’ आणि एक ‘एल’ अशा तीन. फोटोत दोन दिसत होत्या, पण तिसरी घडीत गेली असेल तर? उजेडात, कागद सपाट ठेवून दुसरा फोटो मागवला, पण घडीवरची शाईच उडाली होती.

म्हणून नातवाला लिहून दिलं: पहिली दोन औषधं नक्की. तिसऱ्याची ताकद आणि वेळ कळली, नाव वाचता आलं नाही, तोवर ते देत नाही.

मग दवाखान्यात फोन केला. इथे एक गोष्ट सांभाळा. “अ‍ॅम्लोडिपिन आहे ना?” असं विचारू नका, गर्दीत समोरचा ‘हो’ म्हणून मोकळा होतो. “तिसरं औषध कोणतं, कशासाठी, स्पेलिंग सांगता का?” असं विचारा. डॉक्टरांनी एकेक अक्षर सांगितलं: अ‍ॅमिट्रिप्टिलिन, पाठीच्या आगीसाठी. आजी रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन आधीपासूनच घेत होत्या. आम्ही अंदाजाने तेच दिलं असतं, तर रक्तदाबाची गोळी दुप्पट झाली असती आणि आग तशीच राहिली असती.