डब्याचा फोटो

नमस्कार श्रोतेहो. इंदूरच्या रामबाग भागात आम्ही काहीजण एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दुपारचा डबा पोचवतो. स्वयंसेवकांच्या पाळ्या लावायचं काम माझं. गेल्या हिवाळ्यात मला एका महाविद्यालयाला पत्र लिहावं लागलं, त्याची ही हकीकत.

त्यांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आठवडाभर आमच्याबरोबर आली होती. मुलं गुणी होती. दुसऱ्या सोमवारी महाविद्यालयाच्या फेसबुक पानावर ११ फोटो आले, वर ओळ होती, ‘गरजूंना अन्नदान’. एका फोटोत आमचे एक आजोबा दारात डबा घेऊन उभे. कुणीतरी ‘आजोबा, इकडे बघा’ म्हटलं असणार, म्हणून ते बघताहेत.

फोटोच्या तळाशी कॅमेऱ्याच्या ॲपनं छापलेली पट्टी होती. तिच्यात गल्ली, पिनकोड, अक्षांश-रेखांश आणि वेळ होती. ही पट्टी मुलं हौसेनं लावत नाहीत. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात समाजकार्य खरंच झालं याचा पुरावा म्हणून असे फोटो जोडतात. पण एकटा म्हातारा माणूस कुठल्या दारात, किती वाजता सापडतो, हेही त्या पट्टीनं सांगून टाकलं होतं.

आजोबांना चोराची भीती नव्हती. मिलमध्ये हिशेबनीस होते, आयुष्यभर कुणाचे चार आणे बाकी ठेवले नाहीत. डबा घेतो हे त्यांनी पुण्याच्या पुतण्यालाही सांगितलं नव्हतं. पुतण्याला ते फोटोवरून कळलं. दुसऱ्या दिवशी आजोबांनी डबा घासूनपुसून परत दिला आणि म्हणाले, ‘उद्यापासून नको.’

आमच्यातले दोघे त्या फोटोखाली प्रतिक्रिया लिहायला निघाले होते. मी अडवलं, कारण खाली वाद रंगला की फोटो आणखी लोकांसमोर जातो. मग मी फोन केला. ‘काढतो हं ताई’, असं उत्तर आलं आणि आठवडा गेला. पान चालवणारा मुलगा तिसऱ्या वर्षाचा, परीक्षा डोक्यावर. म्हणून पत्र थेट प्राचार्यांना लिहिलं, प्रत कार्यक्रम अधिकाऱ्यांना.

पत्रात कुणाचंही नाव घातलं नाही. ते फाइलला लागणार, चार टेबलांवरून फिरणार, मग झाकायला निघालेलं आपणच उघडं करायचं का? फोटोची प्रतही जोडली नाही. प्रत्येक फोटोचा दुवा, टाकल्याची तारीख आणि ‘डावीकडून तिसरी व्यक्ती’ अशी खूण, एवढंच दिलं. मुख्य मागणी अशी होती:

‘सोबतच्या यादीतले ७ फोटो पानावरून आणि अल्बममधून पूर्ण काढावेत. चेहरा धूसर करून चालणार नाही, कारण दार, गल्ली आणि खालची पट्टी यांवरून माणूस ओळखू येतो. हेच फोटो संकेतस्थळावरच्या अहवालात असतील तर तिथूनही काढावेत. उपक्रमाचा पुरावा म्हणून आम्ही तासांसह हजेरीपत्रक आणि सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र देऊ. विद्यार्थी पोळ्या लाटताना, डबे भरताना दिसतात ते ४ फोटो अवश्य ठेवावेत.’

ही शेवटची दोन वाक्यं मला फार महत्त्वाची वाटतात. महाविद्यालयाला पुरावा लागतोच. तो आपण दिला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा आजोबाच उभे राहतील.

कायद्याचं कलम घालावं, असं एकानं सुचवलं. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याची सोय आहे. पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीची कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची होती. लागू नसलेल्या कलमाचा धाक कशाला? त्याऐवजी आमची चूक लिहिली. फोटोचा नियम आम्ही मुलांना पहिल्या दिवशी सांगायला हवा होता. शिवाय आजोबांनी नकार दिला नव्हता, हेही खरं. पण डबा हातात देणाऱ्याला नाही म्हणणं किती जणांना जमतं?

चौथ्या दिवशी प्राचार्यांचं लेखी उत्तर आलं, फोटो काढल्याचं. मी लॉगइन न करता पान उघडून पाहिलं. काढणं म्हणजे कधीकधी नुसतं पानावरून लपवणं असतं, फोटो अल्बममध्ये तसाच राहतो. इथं खरंच गेले होते. मूळ पोस्ट पुसली की ती पुढे पाठवलेली जागाही रिकामी होते. मात्र कुणी फोटो उतरवून स्वतःच्या फोनमधून टाकला असेल, तर तो आपल्या हातात नाही. संकेतस्थळावरच्या वार्षिक अहवालात, १४ व्या पानावर, आजोबा अजून उभे होते. दुसरं पत्र दोन ओळींचं. नवी पीडीएफ चढायला तीन आठवडे लागले.

आजोबांनी डबा पुन्हा सुरू केला, पण आता तो दारात घेत नाहीत. मागच्या बोळातल्या खिडकीत ठेवायचा, आणि रिकामा तिथूनच उचलायचा.