आठ एक्सेप्शन आणि त्यांच्या तारखा

(विलेपार्ल्यात बँकिंग आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पाऊस असूनही इतके जण आलात. पावसाकडे मी पुढे येणारच आहे.

व्हॅल्यू ॲट रिस्क, आमच्या भाषेत नुसता ‘व्हार’, तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्याकडे शंभर कोटींचा पोर्टफोलिओ आहे. मॉडेल आज संध्याकाळी सांगतं की नव्व्याण्णव टक्के व्हार २.१९ कोटी. म्हणजे उद्याचा तोटा २.१९ कोटींच्या वर जाण्याची शक्यता शंभरात एक. उद्या तोटा तेवढ्यात राहिला तर ठीक. वर गेला तर ते एक्सेप्शन. बॅकटेस्टिंग म्हणजे ही एक्सेप्शन मोजायची आणि किती यायला हवी होती त्याच्याशी ताडून बघायची. वर्षाची २५० सत्रं धरली तर एक टक्क्याने अडीच यायला हवीत.

अडीच. अर्धं एक्सेप्शन कुठून आणायचं, असं मला एकदा एका शाखाधिकाऱ्यांनी विचारलं होतं. प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. नाणं दहादा उडवलं की छापा नेमका पाचदा पडतोच असं नाही, तसं मॉडेल अगदी बरोबर असलं तरी एखाद्या वर्षी शून्य येतील, एखाद्या वर्षी पाच. मग किती आली की मॉडेलवर संशय घ्यायचा? हे एक्सेलमध्ये दोन ओळींत दिसतं:

```
=BINOM.DIST(4,250,0.01,TRUE)
=BINOM.DIST(4,250,0.02,TRUE)
```

पहिल्या ओळीचं उत्तर ०.८९२. मॉडेल खरंच एक टक्क्याचं असेल तर चार किंवा त्याहून कमी एक्सेप्शन येण्याची शक्यता ८९ टक्के. म्हणून बासेल समितीने १९९६ मध्ये चारपर्यंत हिरवा पट्टा ठरवला, पाच ते नऊ पिवळा आणि दहापासून लाल. भांडवलासाठी बँक स्वतःचं मॉडेल वापरत असेल तर व्हारला लावायचा गुणक त्या नियमात हिरव्यात ३ होता, पिवळ्यात तो पायरीपायरीने ३.८५ पर्यंत चढायचा आणि लाल पट्ट्यात सरळ ४.

दुसरी ओळ सहसा कोणी चालवून बघत नाही. मॉडेल वाईट आहे, त्याची खरी शक्यता एक नव्हे, दोन टक्के आहे असं धरा. त्याचं उत्तर ०.४३९. म्हणजे एक्सेप्शनची शक्यता निम्मीच सांगणारं मॉडेलसुद्धा शंभरातल्या चव्वेचाळीस वेळा हिरव्या पट्ट्यात आरामात बसतं. वर्षभराच्या मोजणीचा जोर एवढाच. अडीचच्या आसपासच्या आकड्यातून याहून जास्त काही पिळून निघत नाही.

मग लोक म्हणतात, दोन वर्षांचा डेटा घ्या. घेऊया. आणि उदाहरण दलाल स्ट्रीटवरचंच घेऊ.

समजा शंभर कोटी सरळ सेन्सेक्समध्ये आहेत आणि रोज तेवढेच ठेवलेत. एक टक्का घसरण म्हणजे एक कोटी तोटा, हिशेब सोपा. मॉडेलही सगळ्यात साधं, हिस्टॉरिकल सिम्युलेशन. मागची ५०० सत्रं घ्यायची, घसरणी मोठ्यापासून लहानाकडे लावायच्या, पाचवी घसरण म्हणजे उद्याचा व्हार. पाचशेचा एक टक्का पाच, म्हणून पाचवी.

२८ फेब्रुवारी २०२० च्या संध्याकाळी ही यादी बघा. वर त्याच दिवशीची ३.६४ टक्के. त्याखाली बजेटसाठी शनिवारी उघडलेल्या १ फेब्रुवारीची २.४३. मग ऑक्टोबर २०१८ मधल्या तीन: २.२५, २.२४, २.१९. पाचवी २.१९. सुरुवातीला सांगितलेले २.१९ कोटी इथूनच आले.

६ मार्चला बाजार २.३२ टक्के पडला. जेमतेम, पण एक्सेप्शन. हा आकडा यादीत शिरला, तळातला बाहेर पडला, पाचवा झाला २.२४. ९ मार्चला ५.१७ टक्के. प्रचंड घसरण. आणि व्हार किती वाढला? २.२५ झाला. फक्त एका लाखाने! कारण नवा आकडा यादीच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि व्हार यादीच्या पायाशी असतो. १२ मार्चला ८.१८ टक्के, व्हार २.३२. १६ मार्चला ७.९६ टक्के, व्हार २.४३. १७ ला फक्त २.५८ टक्के पडला, त्या आठवड्यात कोणी त्याची बातमीही केली नसेल, पण २.४३ च्या वर होता, म्हणून तेही एक्सेप्शन. १८ ला ५.५९. आता कुठे व्हार ३.६४ झाला. आणि २३ मार्चला १३.१५ टक्के, त्यानंतर ५.१७.

६ ते २३ मार्च अकरा सत्रं, त्यात सात एक्सेप्शन. सर्किट लागलेल्या दिवसांनीही या मॉडेलला पटापट जागं केलं नाही. पाच मोठे आकडे गोळा होईपर्यंत ते जुन्या, शांत बाजाराचंच बोलत राहिलं.

आता उलटी बाजू. ३० मार्चला बाजार ४.६१ टक्के पडला. एक्सेप्शन नाही, कारण व्हार ५.१७. ४ मेला ५.९४ टक्के, हे आठवं. त्यानंतर व्हार ५.५९ वर जाऊन बसला आणि जवळपास दोन वर्षं तिथेच राहिला, कारण मार्च २०२० चे ते दिवस पाचशेच्या खिडकीतून बाहेर पडायलाच तयार नव्हते. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं, सेन्सेक्स २,७०२ अंकांनी, म्हणजे ४.७२ टक्क्यांनी पडला. या मॉडेलच्या लेखी तो सामान्य दिवस.

मार्च २०२० पासून फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीपर्यंत साधारण ५०० सत्रं होतात. अपेक्षित एक्सेप्शन पाच, आली आठ. हे कुपिएकच्या चाचणीत घालू. ही १९९५ ची चाचणी. तिचं काम एवढंच की मिळालेलं प्रमाण आणि अपेक्षित प्रमाण यांतल्या फरकाचा एक आकडा काढायचा. तो ३.८४ च्या वर गेला की पंचाण्णव टक्के पातळीवर मॉडेल नापास. आठला येतो १.५४. पास. सहज पास.

तेच अर्धं अर्धं करून बघा. पहिल्या २५० सत्रांत आठही एक्सेप्शन, आकडा ७.७३, नापास. पिवळा पट्टा, १९९६ च्या नियमाने गुणक ३.७५. दुसऱ्या २५० मध्ये शून्य, आकडा ५.०३, पुन्हा नापास, पण उलट्या कारणाने: व्हार गरजेपेक्षा फार जास्त होता. बासेलच्या पट्ट्यांत मात्र शून्य हिरवंच धरतात, कारण जास्त व्हार म्हणजे जास्त भांडवल, आणि नियामकाला त्याची चिंता नसते. बँकेला असायला हवी. लिमिट उगाच अडकून पडलं म्हणून डीलर ओरडतात ते अशाच वर्षी, आणि तेव्हा ते खोटं बोलत नसतात.

एक मूल पहिल्या सत्रात नापास, दुसऱ्या सत्रात नापास, आणि दोन्ही मिळून पास. कारण एका सत्रात ते वर चुकलं, दुसऱ्यात खाली.

आता पाऊस. हिंदमाताला पाणी तुंबण्याचे दिवस वर्षभरावर वाटलेत तर सरासरी काहीतरी बरी दिसेल. पण ते दिवस वर्षभरात विखुरलेले नसतात, ओळीने येतात. काल तुंबलं असेल तर आज तुंबण्याची शक्यता जास्त, हे परळच्या कुठल्याही दुकानदाराला कळतं. व्हारचंही तेच. मॉडेल बरोबर असेल तर कालच्या एक्सेप्शनवरून आजच्याबद्दल काहीही कळता कामा नये. शक्यता काल एक टक्का, आजही एकच.

हे तपासायला क्रिस्टॉफरसनने १९९८ मध्ये चाचणी दिली. आपल्या आठ एक्सेप्शनमधल्या किती दिवसांच्या लगेच पुढच्या सत्रात पुन्हा एक्सेप्शन आलं? ६ नंतर ९ ला (मध्ये शनिवार-रविवार), १६ नंतर १७ ला, १७ नंतर १८ ला. आठात तीन. आणि एक्सेप्शन नसलेल्या साधारण ४९० सत्रांनंतर? पाच. एकीकडे साडेसदतीस टक्के, दुसरीकडे एक. या चाचणीचा आकडा पंधराच्या वर जातो, मर्यादा पुन्हा ३.८४ च. मोजणीत पास झालेलं मॉडेल इथे साफ आडवं होतं.

तरी हिलाही सगळं दिसत नाही. ती फक्त लगतचं सत्र बघते. १२ मार्चनंतर १३ ला बाजार वर बंद झाला आणि १६ ला कोसळला. हे पुंजक्यातलेच दिवस, पण एक दिवसाची फट पडली म्हणून तिच्या लेखी सुटे. म्हणून मी चाचणीच्या आधी तारखांचा तक्ता हातात घेतो. आठ तारखा एका कागदावर लिहायला दोन मिनिटं लागतात.

(सभागृहातून एक प्रश्न: “सर, पण बँकेत तर एक्सेप्शन क्वचितच दिसतात. मॉडेल इतकी चांगली असतात का?”)

कधी कधी. पण आधी पी अँड एल, म्हणजे नफा-तोटा, कुठला लावलाय ते विचारा. व्हार काढलेला असतो काल संध्याकाळच्या पोझिशनवर. ती पोझिशन हलवलीच नाही तर आज काय झालं असतं, हा हायपोथेटिकल पी अँड एल. मी एका ठिकाणी होतो, नाव सोडा, तिथे डेस्कचा दिवसाचा एकूण पी अँड एल लावायचे, ब्रोकरेज आणि ग्राहकांकडून मिळालेल्या मार्जिनसकट. व्हार २.२० कोटी, पोझिशनचा तोटा २.३०, पण त्या दिवशी वीस लाखांची फी जमा झाली. तोटा दिसला २.१० आणि एक्सेप्शन गेलं. वर्षाला दोनच एक्सेप्शन, सगळे खूश. आम्ही फी बाजूला काढून पुन्हा मोजलं तेव्हा सहा निघाली. बासेलने पुढे खरा आणि हायपोथेटिकल असे दोन्ही पी अँड एल मोजायला लावले, ते यासाठीच.

दुसरी चूक याहून बारीक, आणि तुमच्या प्रोजेक्टमध्ये हमखास होणारी. आजची घसरण आधी खिडकीत टाकायची, मग व्हार काढायचा आणि त्याच्याशी आजचीच घसरण ताडायची. स्प्रेडशीटमध्ये एक ओळ खाली सरकली की झालं. १७ मार्च आठवा. २.५८ टक्के आधी यादीत घातले तर पाचवा आकडा स्वतः २.५८ होतो. तोटा व्हारच्या वर नाही, बरोबरीत. एक्सेप्शन गायब! ६ मार्चचं मात्र शिल्लक राहतं, कारण तो आकडा यादीत तिसरा जातो. आठाची सात झाली तर ही ओळ तपासा.

(“मग दुरुस्ती काय?”)

ताज्या दिवसांना जास्त वजन द्या, किंवा जुन्या घसरणी आजच्या चढउताराच्या मापाने ताणून घ्या. मग ९ मार्चनंतर व्हार एका लाखाने नाही, चांगला उडी मारून वाढेल. पण ९ ला ते मॉडेलही बहुधा सापडेल, कारण शांत बाजारातून पहिला धक्का बसतो तेव्हा कुठल्याही मॉडेलकडे शांत बाजाराचाच डेटा असतो. फरक दिसेल तो १७ तारखेला. बाजार तसा किरकोळ पडला होता, त्या दिवशी तुमचा व्हार २.५८ च्या वर होता का, तेवढं बघा.