आधी दाखवा, मग बोला : श्रवणबाधित विद्यार्थिनीसह बाष्पीभवनाचा पाठ

उदाहरणासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेतील सहावीचा एक वर्ग घेऊ. छत पत्र्याचे, डोक्यावर पंखा, एका बाजूला खिडक्या आणि दुसऱ्या बाजूला व्हरांड्याकडे उघडणारे दार. आजचा पाठ बाष्पीभवन आणि संघनन यांचा आहे. वर्गातील एका मुलीला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दोन्ही कानांतील ६० ते ७० डेसिबल श्रवणऱ्हासाचा जो गट सांगितला आहे, त्यात ती मोडते. ती कानामागे बसणारी श्रवणयंत्रे वापरते, मराठीत बोलते आणि समोरच्याच्या ओठांकडे पाहून उरलेले समजून घेते.

यंत्र लावले म्हणजे ऐकण्याचा प्रश्न सुटला, असा समज शाळांमध्ये सर्रास आढळतो. श्रवणयंत्र शिक्षकांचा आवाज मोठा करते, पण त्याबरोबर पंख्याची घरघर आणि बाक सरकल्याचा आवाजही मोठा करते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. वर्गात भिंती आणि पत्रा आवाज परतवतात, पण परतून आलेला आवाज शब्द पुसट करतो. म्हणून ही मुलगी कानांइतकीच डोळ्यांवर विसंबून असते, आणि डोळे एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतात. बाकीची मुले बशीतले पाणी पाहता पाहता शिक्षकांचे बोलणे ऐकतात. तिला बशी पाहायची असेल तर ओठ सोडावे लागतात. या पाठातील प्रत्येक बदलाचे मूळ येथे आहे.

परिपाठानंतर लगेच, दोन मिनिटांत, शिक्षिका यंत्राची तपासणी करतात. तोंडापुढे कागद धरून त्या आ, ई, ऊ, म, श आणि स असे सहा ध्वनी नेहमीच्या आवाजात एकेक करून म्हणतात आणि मुलगी ऐकलेला ध्वनी परत म्हणते. एकही ध्वनी आला नाही, तर बहुधा बॅटरी संपलेली असते किंवा कानातल्या साच्याच्या नळीत मळ अडकलेला असतो. आधी ऐकू येणारे ‘स’ आणि ‘श’ सलग काही दिवस चुकू लागले, तर पालकांना श्रवणतज्ज्ञांकडे पाठवणे भाग आहे.

आता बैठक. अशा मुलांना पहिल्या बाकावर मध्यभागी बसवण्याची पद्धत आहे, आणि ती चांगल्या हेतूने आलेली असली तरी अपुरी आहे. तेथून शिक्षकांचा चेहरा मान वर करून पाहावा लागतो आणि मागून उत्तर देणारे मूल कोण, हे कळेपर्यंत त्याचे उत्तर संपलेले असते. आपल्या उदाहरणात मुलीला दुसऱ्या ओळीत, खिडकीच्या बाजूला, दारापासून दूर बसवले आहे. त्यामुळे खिडकीचा उजेड तिच्या पाठीमागून येऊन शिक्षिकेच्या चेहऱ्यावर पडतो. शिक्षिका स्वतः खिडकीसमोर उभ्या राहिल्या, तर चेहरा काळपट दिसून ओठ वाचता येणार नाहीत. तिचा उजवा कान तुलनेने बरा आहे, म्हणून तो वर्गाकडे राहील अशी बाजू निवडली आहे. चर्चेच्या वेळी मात्र मुले अर्धवर्तुळात बसतात. उत्तर देणाऱ्या मुलाकडे शिक्षिका आधी हात करतात, त्याचे नाव घेतात आणि त्याचे उत्तर स्वतः पुन्हा म्हणतात.

ओठ पाहून सगळे कळते, असेही नाही. प, ब, भ आणि म यांसाठी ओठ सारखेच मिटतात. ‘पाट’, ‘भात’ आणि ‘माठ’ हे तीन शब्द ओठांवर जवळजवळ एकसारखे दिसतात. संदर्भ माहीत असेल तरच त्यांतला योग्य शब्द ओळखू येतो. म्हणून पाठाच्या आदल्या दिवशी मुलीला एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर वाफ, बाष्पीभवन, संघनन, थेंब, उष्णता आणि थंडावा हे सहा शब्द, प्रत्येकासमोर एक चित्र आणि एक सोपे वाक्य असते. वर्गात तो शब्द येतो तेव्हा तिला तो ओळखायचा असतो, नव्याने शोधायचा नसतो.

प्रत्यक्ष पाठात शिक्षिका दोन सारख्या बशांमध्ये एकेक चमचा पाणी घेतात. एक उन्हात आणि एक सावलीत ठेवतात. ठेवताना त्या काहीही बोलत नाहीत. मुलीने पाहून झाल्यावर तिची नजर वर येते, मग त्या बोलतात, आणि बोलून झाल्यावर फळ्याकडे वळून लिहितात. ही थांबण्याची सवय सर्वांत कठीण आहे, कारण लिहिता लिहिता बोलणे शिक्षकांच्या अंगवळणी पडलेले असते. ओरडून किंवा शब्द तोडून बोलण्याने उलट नुकसान होते; ओठांचे आकार बिघडतात आणि यंत्रातील आवाज फाटतो.

संघननासाठी स्टीलच्या पेल्यात बर्फाचे पाणी घेतले, की बाहेरचे थेंब पेल्यातून पाझरले असे बहुतेक मुलांना वाटते. एरवी हा गैरसमज तोंडी चर्चेने दूर होतो, पण तीच चर्चा या मुलीच्या हातून निसटते. म्हणून पाण्यात थोडी निळी शाई घातली आहे. बाहेरचे थेंब रंगहीन आहेत, हे पुसलेल्या पांढऱ्या कागदावर सगळ्यांनाच दिसते. टिपणासाठी शेजारच्या मैत्रिणीची वही दिवसअखेर तिला मिळते, कारण ओठ पाहणे आणि लिहिणे एकाच वेळी होत नाही.

‘समजले का?’ या प्रश्नाला ती नेहमी मान हलवते, आणि त्या होकारावर विसंबू नये. सूचना दिल्यावर ती आधी शेजारणीच्या वहीत पाहत असेल आणि काम उशिरा सुरू करत असेल, तर सूचना पोहोचलेली नाही. ‘आता तू काय करणार आहेस, ते करून दाखव’ असे म्हटले की खरे काय ते कळते.

मूल्यमापनात आशय तोच ठेवून वाट बदलायची आहे. ‘बाष्पीभवनाचा वेग कोणकोणत्या घटकांवर अवलंबून असतो, ते सोदाहरण स्पष्ट करा’ या प्रश्नाऐवजी तिला विचारले जाते : ‘ओले कपडे उन्हात लवकर वाळतात की सावलीत? कारण लिही. वारा असेल तर काय होईल? कारण लिही.’ प्रश्न तोंडी न सांगता छापून दिले जातात. तोंडी परीक्षेच्या जागी ती प्रयोग करून दाखवते. कायद्याच्या कलम १७ मध्ये जादा वेळ आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा बदलांची तरतूद आहे. परीक्षेत दर तासाला २० मिनिटे जादा वेळ देण्याची पद्धत आहे.

तिने उत्तर लिहिले : ‘ऊन पाणी वाफ झाली.’ मराठीतले विभक्तिप्रत्यय बोलताना हलके उच्चारले जातात आणि तिच्या कानांपर्यंत अनेकदा पोहोचतच नाहीत, म्हणून ते लेखनातही गळतात. विज्ञानाच्या पेपरात या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत. ‘उन्हाने पाण्याची वाफ झाली’ हे वाक्य भाषेच्या तासाला शिकवावे.

हे सारे बदल बोलणाऱ्या आणि ओठ वाचणाऱ्या मुलीसाठी आहेत. ज्या मुलाची भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्याला बाक बदलून काही मिळणार नाही. त्याच्यासाठी वर्गात ती भाषा जाणणारी व्यक्तीच हवी.

चाचणीत या मुलीने चित्रांचा क्रम बरोबर लावला पण वाक्ये चुकवली, तर पुढचा तास विशेष शिक्षकांसोबत वाक्यरचनेवर घ्यावा. क्रमही चुकला असेल, तर दोन बशा पुन्हा मांडाव्यात.