वर्गमित्र वेगळे, मित्र वेगळे

एखादा माणूस नावारूपाला आला की त्याचा वर्गमित्र म्हणवून घेणारे पुष्कळ भेटतात. त्याच्या भोवती खरोखर कोण होतं, हे मात्र शाळेच्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांत शोधावं लागतं. आणि तिथे पहिला हात जातो तो वर्गाच्या यादीकडे. गंमत म्हणजे मैत्री शोधायला सगळ्यात कमी उपयोगी पडते ती हीच यादी.

उदाहरण घेऊ ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टोल्किन यांचं. बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड्स शाळेतून ते 1911च्या उन्हाळ्यात बाहेर पडले. त्यांचे जिवलग मित्र तीन: ख्रिस्टोफर वाइजमन, रॉबर्ट गिल्सन आणि जेफ्री स्मिथ. टोल्किन यांचा जन्म जानेवारी 1892चा, स्मिथचा ऑक्टोबर 1894चा. म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचं अंतर. ‘बॅच’ धरून शोधणाऱ्याच्या यादीत स्मिथ येणारच नाही. पुढे कॉलेजच्या याद्या काढल्या, तर टोल्किन आणि स्मिथ ऑक्सफर्डला, वाइजमन आणि गिल्सन केंब्रिजला. चौघं एका पानावर येतील अशी वर्गाची किंवा कॉलेजची एकही यादी नाही.

मग ते येतात कुठे? शाळेच्या ‘क्रॉनिकल’ या अंकात, मागच्या पानांवरच्या बारीक टाइपात. वादविवाद मंडळाचा वृत्तांत, रग्बीच्या संघाची यादी, ग्रंथालयाचे पदाधिकारी, नाटकाची पात्रयोजना. वर्गात कोणी कोणाशेजारी बसायचं हे शाळा ठरवते. तालमीला थांबायचं की नाही, हे बहुधा मुलगा स्वतः ठरवतो. म्हणून हे रकाने महत्त्वाचे.

काम करायची रीत साधी आहे, पण चिकाटी लागते. एक तक्ता करायचा. अंकाचा महिना, पान, कार्यक्रम, आणि नावं जशी छापली आहेत तशीच, आपल्या मनाने न सुधारता. मग पाहायचं की आपल्या माणसाबरोबर कोणाचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत पुन्हा पुन्हा येतंय. एकाच संघाच्या यादीत दहा वेळा आलेलं नाव फार काही सांगत नाही. संघात, मंडळात आणि नाटकात, अशा तीन ठिकाणी आलेलं नाव बरंच काही सांगतं.

आणि अंक शाळा सोडल्याच्या वर्षावर थांबवायचे नाहीत. डिसेंबर 1911 मध्ये शाळेत एक जुनं विनोदी नाटक झालं. टोल्किन तेव्हा ऑक्सफर्डला दाखल झाले होते. तरी ते परत आले आणि मिसेस मॅलाप्रॉपची भूमिका त्यांनी केली. सोबत वाइजमन, गिल्सन, स्मिथ. नाव पटावरून गेल्यावरही ज्या माणसांसाठी मुलगा परत येतो, त्यांच्याकडे संशोधकाने नीट पाहायला हवं. पुढची-मागची दोन-दोन वर्षं चाळायची ती याचसाठी.

आता नावांची कटकट. अंकात असतं ‘जी. बी. स्मिथ’. इंग्लंडात स्मिथ किती, हे काय सांगायचं! अशा वेळी शाळेची नोंदवही आणि महायुद्धात कामी आलेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी उपयोगी पडते, कारण तिथे पूर्ण नाव मिळू शकतं: जेफ्री बाश स्मिथ, मृत्यू 3 डिसेंबर 1916. गिल्सन त्याआधीच, 1 जुलैला, सोमच्या लढाईत पडला होता. स्कॅन केलेल्या अंकांत नुसता शोध देऊन भागत नाही. ओळीच्या शेवटी तुटलेलं आडनाव यंत्राला सापडत नाही, आणि ‘Tolkien’चं ‘Tolkein’ झालेलं तर जगभर दिसतं. निदान महत्त्वाच्या वर्षांचे अंक तरी डोळ्यांनीच वाचावेत.

एवढं करूनही एक चूक होऊ शकते. त्याच नाटकात टी. के. बार्न्सली नावाचा मुलगाही होता, टोल्किन आणि त्यांचे मित्र शाळेत चहाला जमायचे त्या टोळीतला. तक्त्यात त्याचं वजन स्मिथच्या बरोबरीचं भरेल. पण पुढे तो दूर गेला आणि गट चौघांचाच उरला. हे अंक सांगत नाही, पत्रं सांगतात. शिवाय वृत्तांत लिहिणारी मुलं याच कंपूतली असायची. 1911मध्ये टोल्किन स्वतःच ‘क्रॉनिकल’चे संपादक होते. त्यामुळे कौतुक आणि टिंगल दोन्ही थोडं बेतानंच घ्यायचं. अंकातून संशयितांची यादी मिळते, असं मी म्हणेन; पुरावा पत्रांत शोधायचा.

चौघांपैकी युद्धातून वाचले दोघंच, टोल्किन आणि वाइजमन. माजी विद्यार्थ्यांच्या बातम्यांतून वाइजमनचा माग काढत गेलं की तो टॉन्टनच्या क्वीन्स कॉलेजात मुख्याध्यापक म्हणून भेटतो, 1926पासून 1953पर्यंत. म्हणजे पुढची पानं आता त्या शाळेच्या अंकांत चाळायची.